कार्यपत्रिका : निरोपाचे भाषण आणि भविष्यकाळ

विषय : मराठी व्याकरण (क्रियापदाचे काळ)
इयत्ता : नववी व दहावी
वेळ : दोन तासिका

विद्यार्थ्यांनो, निरोपाच्या भाषणात भविष्यकाळाची जेवढी रूपे एकत्र येतात, तेवढी क्वचितच दुसरीकडे आढळतात, कारण बोलणाऱ्याचे मन त्या दिवशी पुढच्या वर्षांकडे लागलेले असते. खालील भाषण दहावीच्या वर्गातर्फे शाळेच्या निरोप समारंभात करण्यासाठी लिहिले आहे. ते आधी मोठ्याने वाचा, मगच प्रश्नांकडे वळा. आशा, बेत आणि अंदाज यांतला फरक डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतो.

भाषण

आदरणीय मुख्याध्यापक, सर्व शिक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

(१) उद्यापासून आमच्या वर्गातील बाकांवर दुसरे कोणीतरी बसेल, हे मन अजून मान्य करीत नाही. (२) खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर कंपासच्या टोकाने कोरलेली सात जणांची आद्याक्षरे पुढच्या वर्षी जो कोणी वाचील, त्याला ती कोणाची हे कळणार नाही; पण आमच्यापैकी कोणीही तो बाक विसरणार नाही. (३) सर, ती अक्षरे पाहून आपण रागावलात तो दिवस आपल्याला अजून आठवत असेल. आज आपण आम्हाला क्षमा कराल, अशी मला आशा आहे.

(४) सुट्टी संपताच मी विज्ञान शाखेत प्रवेश घेणार आहे आणि पुढे गुणांनी साथ दिली, तर मी गणित शिकवीन. (५) नव्या वर्गात पहिले काही दिवस मी गोंधळेन, मधल्या सुट्टीत कोणाशी काय बोलावे ते मला सुचणार नाही. पण अडलेले विचारायला मी लाजणार नाही, कारण ते धैर्य मला या शाळेने दिले आहे. (६) नववीतील मित्रांनो, पुढच्या वर्षी याच दिवसांत तुम्ही सराव परीक्षेचे पेपर सोडवीत असाल, तेव्हा मी कोणत्या तरी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत असेन. (७) पाच वर्षांनी आपण सर्व पुन्हा भेटू, तोपर्यंत मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचले असेन, कोणी नोकरी धरली असेल, कोणी दूरच्या शहरात घर केले असेल. (८) तोवर दर महिन्याला मी आमच्या वर्गशिक्षकांना एक पत्र लिहीत जाईन.

(९) ग्रंथालयाची पुस्तके परत करायला आम्ही उद्या सकाळी येणार आहोत. तेव्हा माझ्या गणिताच्या वह्या मी ग्रंथपालांकडे ठेवीन, ज्यांना हव्या असतील त्यांनी त्या न्याव्यात. (१०) तो बाक आता तुमचा आहे. त्याची काळजी तुम्ही आमच्यापेक्षा चांगली घ्याल, याची मला खात्री आहे. (११) येतो आम्ही.

प्रश्न

१. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती या भविष्यकाळांचे प्रत्येकी एक उदाहरण भाषणातून शोधून लिहा.

२. वाक्य ४ मध्ये ‘प्रवेश घेणार आहे’ आणि ‘शिकवीन’ अशी दोन वेगळी रूपे आली आहेत. त्यांची अदलाबदल केल्यास अर्थात काय फरक पडेल?

३. ‘मी लाजणार नाही’ हे वाक्य होकारार्थी करा आणि क्रियापदाचे रूप का बदलले ते सांगा.

४. ‘गोंधळेन’ आणि ‘शिकवीन’ यांच्या शेवटी ‘एन’ आणि ‘ईन’ असे वेगळे प्रत्यय का आले?

५. वाक्य ३ आणि वाक्य ७ यांतील ‘आपण’ या शब्दात कोणकोण येते?

६. हे भाषण मुलगा करीत आहे की मुलगी? ते ज्या एकाच वाक्यावरून कळते, ते शोधा.

७. क्रियापद भविष्यकाळाच्या रूपात आहे, पण गोष्ट आत्ताची आहे, असे एक वाक्य शोधा. आणि क्रियापद वर्तमानकाळात आहे, पण अर्थ पुढचा आहे, असे दुसरे शोधा.

८. वाक्य ८ अपूर्ण भविष्यकाळात लिहा आणि अर्थ कसा बदलला ते एका वाक्यात सांगा.

उत्तरे आणि स्पष्टीकरण

१. साधा : ‘कोणीतरी बसेल’. अपूर्ण : ‘धूत असेन’. पूर्ण : ‘पोहोचले असेन’. रीती : ‘लिहीत जाईन’.

२. ‘घेणार आहे’ या रूपात बेत ठरलेला असतो, तर ‘शिकवीन’ या रूपात इच्छा असते आणि ती पुरी होण्यास अवधी असतो. प्रवेशाचा निर्णय झाला आहे, गुण मात्र हातात नाहीत. अदलाबदल केली, तर प्रवेशाचा ठाम बेत डळमळीत वाटेल आणि गणित शिकवण्याची आशा आधीच ठरून गेल्यासारखी वाटेल. ‘साथ दिली, तर’ यातील ‘दिली’ हे रूप भूतकाळाचे असले, तरी ती अट पुढची आहे, हेही लक्षात घ्या.

३. ‘मी लाजेन.’ मराठीत साध्या भविष्यकाळाच्या रूपापुढे ‘नाही’ लावून नकार करता येत नाही. ‘मी लाजेन नाही’ असे कोणीही म्हणत नाही. नकारासाठी ‘णार नाही’ हे रूप घ्यावे लागते. उत्तरपत्रिकांत या प्रश्नाला सर्वाधिक चुका होतात, म्हणून ‘बसेन, बसणार नाही’, ‘येईन, येणार नाही’ अशा जोड्या तोंडी म्हणून पाहा.

४. ‘गोंधळणे’ अकर्मक आहे, ‘शिकवणे’ सकर्मक आहे. पारंपरिक लेखनात अकर्मक धातूंना बहुधा ‘एन, एल’ आणि सकर्मक धातूंना बहुधा ‘ईन, ईल’ हे प्रत्यय लागतात. म्हणूनच ‘बसेल’, पण ‘वाचील’. अपवाद आहेत : ‘शिकणे’ सकर्मक असूनही आपण ‘शिकेन’ म्हणतो. बोलण्यात ‘वाचेल, करेन’ ही रूपे आता सर्रास येतात, त्यांना मी चूक ठरवणार नाही. मात्र एकाच लेखात ‘करीन’ आणि ‘करेन’ दोन्ही वापरू नका.

५. वाक्य ३ मध्ये ‘आपण’ आदरार्थी आहे आणि त्यात फक्त सर येतात. वाक्य ७ मध्ये बोलणारी व्यक्ती आणि ऐकणारे सर्व जण येतात. तिथे ‘आम्ही सर्व पुन्हा भेटू’ म्हटले असते, तर समोर बसलेले वगळले गेले असते. निरोपाच्या दिवशी ही चूक ऐकणाऱ्यांच्या मनाला लागते, म्हणून ‘आम्ही’ आणि ‘आपण’ जपून वापरा.

६. मुलगी. ‘मी येईन’, ‘मी घेणार आहे’, ‘मी धूत असेन’ ही रूपे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे वाक्य ७ पर्यंत काहीच कळत नाही. पूर्ण भविष्यकाळात मात्र भूतकाळी रूप येते. मुलाने ‘पोहोचलो असेन’ म्हटले असते. त्याच वाक्यातील ‘कोणी नोकरी धरली असेल’ यावरून धरणारा कोण ते कळत नाही, कारण ‘धरली’ हे रूप ‘नोकरी’ या कर्माप्रमाणे झाले आहे.

७. ‘तो दिवस आपल्याला अजून आठवत असेल’ : इथे ‘असेल’ सरांच्या आत्ताच्या मनाबद्दलचा अंदाज सांगते. दुसरे वाक्य शेवटचे आहे : ‘येतो आम्ही.’ रूप वर्तमानकाळाचे आहे आणि बोलणारे निघाले आहेत; तरीही उंबऱ्यावर मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो आणि परत येण्याचे वचन त्या एका क्रियापदात ठेवून जातो.

८. ‘तोवर दर महिन्याला मी आमच्या वर्गशिक्षकांना एक पत्र लिहीत असेन.’ ‘लिहीत जाईन’ मध्ये ती नेम धरते, तर ‘लिहीत असेन’ मध्ये त्या काळात काय चाललेले असेल एवढेच सांगते.