मेस फीत सूट मिळण्याबाबत अर्ज

दि. ३ मार्च

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
मुलींचे वसतिगृह समिती, सोलापूर

विषय : फेब्रुवारीच्या मेस फीत सूट मिळणेबाबत.

महोदय,

वडिलांच्या खुब्याचे ऑपरेशन झाल्याने संपूर्ण फेब्रुवारी मी मंगळवेढ्याला घरी होते. त्यातच ज्वारीची काढणी आली, घरी दुसरे करते माणूस नाही. जाण्याआधी दिलेल्या रजेच्या अर्जावर रेक्टर मॅडमची सही आहे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये जाण्या-येण्याची नोंद आहे आणि मेसच्या हजेरीवहीत माझ्या नावापुढे महिनाभर नुसती रेघ आहे. तरीही बिल पूर्ण, म्हणजे २,६०० रुपयांचे आले.

स्वयंपाकाच्या मावशींचा पगार कोणी गावी गेले म्हणून थांबत नाही, हे मान्य. त्यामुळे पूर्ण माफी मागत नाही. पण माझ्या वाटणीचा किराणा, भाजी, दूध लागलेच नाही. तेवढे १,७०० रुपये मार्चच्या बिलातून वळते करावेत, ही विनंती. बिलाची मुदत १० तारखेला संपते. त्याआधी निर्णय कळावा. दवाखान्याचा खर्च नुकताच झाल्याने घरून लगेच पैसे मागवणे अवघड आहे.

सोबत : रजेच्या अर्जाची व डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स.

आपली विश्वासू,
खोली क्र. २७, बी.एस्सी. द्वितीय वर्ष