डब्याचं पत्र

डिचोली, ९ जून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पणजीत खोली मिळाल्याचं ताईने कळवलं. रोज हॉटेलात जेवलास तर २० तारखेलाच खिसा रिकामा होईल, म्हणून हे पदार्थ लिहितोय. प्रत्येकाला २० मिनिटं पुरतात.

मोड आलेल्या मुगाची उसळ सोपी. मोहरी-कांद्याच्या फोडणीवर मूग, हळद, तिखट, मीठ, थोडं पाणी; कुकरला एकच शिट्टी, वरून ओलं खोबरं. सोबत पोई ने. पाववाला पोदेर सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो, तेव्हा झोपून राहू नकोस.

तांबडी भाजी बारीक चिर. लसूण, कांदा, हिरवी मिरची परतून त्यात टाक आणि पाणी अजिबात घालू नकोस, तिचं तिलाच सुटतं. ते आटलं की खोबरं, झालं.

आदल्या रात्रीचा भात उरला तर फ्रीजमध्ये ठेव, सकाळी कढीपत्ता-शेंगदाण्यांची फोडणी दे. कंटाळा आला तर अंडाभुर्जी.

आता किसमूर. जून-जुलैत मासेमारी बंदी, मासळी महाग, तेव्हा हीच कामाला येते. सुक्या सुंगटांची डोकी-शेपट्या काढून तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाज. कांदा, खोबरं, तिखट, चिंचेचा कोळ वेगळा कालवून ने आणि जेवताना एकत्र कर, नाहीतर मऊ पडतं. एसी ऑफिसात मात्र डबा उघडण्याआधी शेजारच्याला विचार!

नारळ विकत घेऊ नकोस, रविवारी येऊन घेऊन जा. मामी सोलंही देणार आहे.

तुझा,
मामा