घरगुती मिक्सर-ग्राइंडरसाठी वॉरंटी आणि विक्रीपश्चात सेवा धोरण

लागू दिनांक : 1 एप्रिल 2026
लागू : कोल्हापूर येथील शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात जोडणी झालेले 550 आणि 750 वॅटचे सर्व मिक्सर-ग्राइंडर

1. हे धोरण कोणासाठी आहे

हे धोरण ग्राहक, विक्रेते दुकानदार आणि आमचे दुरुस्ती कारागीर या तिघांसाठी एकच आहे. दुकानात एक सांगायचे आणि दुरुस्तीच्या टेबलावर दुसरेच, असे होऊ नये म्हणून कारागिरांसाठीचे नियमही ग्राहकाला वाचता येतील अशा रीतीने येथे छापले आहेत. आमचा कारखाना लहान आहे. मोटर, स्विच आणि जार आम्ही पुरवठादारांकडून घेतो; जोडणी आणि चाचणी आमच्याकडे होते. तरीही सदोष भाग कोणत्या पुरवठादाराचा आहे, हा प्रश्न ग्राहकापुढे कधीही मांडला जाणार नाही. यंत्रावर आमचे नाव आहे, म्हणून उत्तर देण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

2. मुदत

घरगुती वापरातील संपूर्ण यंत्राला बिलाच्या तारखेपासून 12 महिने आणि मोटरला 24 महिने वॉरंटी राहील. मोटर म्हणजे आर्मेचर, फील्ड कॉइल आणि बेअरिंग. कार्बन ब्रश त्यात धरलेले नाहीत. मोटर पुरवठादार आम्हाला माल पोहोचल्यापासून 24 महिन्यांची हमी देतो. यंत्र आमच्या गोदामात किंवा दुकानाच्या फळीवर जितके महिने पडून राहते, तितक्या महिन्यांचा बोजा आमच्यावर येतो आणि तो आम्ही जाणूनबुजून स्वीकारला आहे, कारण यंत्र विकत घेण्याआधीचा काळ ग्राहकाच्या मुदतीतून वजा करणे आम्हाला योग्य वाटत नाही. हा बोजा आटोक्यात राहावा म्हणून जोडणीच्या महिन्यापासून 9 महिने उलटूनही न विकले गेलेले यंत्र दुकानदाराने आम्हाला परत करावे. ते यंत्र आम्ही बदलून देऊ. परत न करता विकल्यास 9 महिन्यांपुढील विलंबाचा खर्च दुकानदाराच्या खात्यावर टाकला जाईल. ग्राहकाची मुदत मात्र बिलापासूनच मोजली जाईल.

बिल हरवले असेल तरी सेवा नाकारली जाणार नाही. यंत्राच्या तळावरील अनुक्रमांकातील पहिले चार अंक जोडणीचा महिना आणि वर्ष दाखवतात. त्या महिन्यात 3 महिने मिळवून जी तारीख येईल, ती खरेदीची तारीख मानली जाईल. वॉरंटी कार्ड दुकानदाराने शिक्का मारून भरून दिले नाही, एवढ्याच कारणावरून कोणाचीही तक्रार फेटाळता येणार नाही.

खानावळ, हॉटेल किंवा नाश्त्याच्या गाडीवर वापरलेल्या यंत्राला 3 महिने वॉरंटी राहील, कारण घरगुती मोटर सलग कामासाठी बनवलेली नसते. मात्र घरच्या घरी मसाले, चटण्या किंवा पिठे करून त्यावर स्वतःचा उदरनिर्वाह चालवणाऱ्या व्यक्तींना आणि बचत गटांना 6 महिन्यांची वॉरंटी मिळेल. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्येही स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेला वापर व्यापारी वापरापासून वेगळा धरला आहे, आणि आम्ही तोच भेद येथे पाळतो.

3. वॉरंटीत काय येते

जोडणीतील चूक, सदोष सुटा भाग, मोटरचा अंतर्गत दोष, स्विच किंवा वायरचा बिघाड, जारच्या तळातून होणारी गळती आणि झाकण नीट न बसणे या सर्वांची दुरुस्ती मुदतीत विनामूल्य केली जाईल. यात भाग, मजुरी, त्यांवरील कर आणि दुकानापासून कारखान्यापर्यंतची ने-आण यांचा समावेश आहे. खरेदीनंतर पहिल्या 15 दिवसांत मोटर बंद पडली, तर दुरुस्ती न करता नवीन यंत्र दिले जाईल. मुदतीत एकच दोष दुरुस्तीनंतर तिसऱ्यांदा उद्भवला, तर यंत्र बदलून घ्यायचे की बिलाची पूर्ण रक्कम परत घ्यायची, हे ग्राहक ठरवील.

जारच्या तळाशी पात्यांचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशमधून गळालेले पाणी किंवा वाटण मोटरमध्ये उतरते आणि मोटर जळते, ही आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी मोटरमध्ये ओल आढळली म्हणून ग्राहकाला दोष देणे सोपे असते. पहिल्या 12 महिन्यांत जारची गळती हा आमचाच दोष असल्यामुळे तिच्यामुळे झालेले मोटरचे नुकसानही वॉरंटीत धरले जाईल. यंत्र नळाखाली धरून धुतल्याचे स्पष्ट दिसत असेल, तरच हा नियम लागू होणार नाही.

4. वॉरंटीत काय येत नाही, आणि का

मोटरची फिरकी जारच्या पात्यांपर्यंत पोहोचवणारा कपलर हा भाग मुद्दाम मोटरपेक्षा कमकुवत बनवलेला असतो. पाते अडकले की आधी कपलर तुटतो आणि त्यामुळे मोटर वाचते. म्हणून तुटलेला कपलर वॉरंटीत येत नाही, परंतु प्रत्येक खोक्यात दोन जादा कपलर दिलेले आहेत. कार्बन ब्रश, जारची रबरी रिंग आणि पात्यांची धार हे वापराने झिजणारे भाग आहेत; तेही वॉरंटीबाहेर आहेत. पडून फुटलेले जार किंवा बॉडी, उंदरांनी कुरतडलेली वायर, आमच्या मान्यताप्राप्त कारागिराव्यतिरिक्त अन्य कोणी बदललेले वायंडिंग आणि 230 व्होल्टऐवजी चुकीच्या जोडणीतून आलेला जादा दाब यांमुळे झालेले नुकसान विनामूल्य दुरुस्त होणार नाही. बाहेरच्या कारागिराने नुसती वायर किंवा प्लग बदलला असेल, तर त्यामुळे मोटरची वॉरंटी रद्द होत नाही.

पहिल्या एक-दोन वापरांत वार्निशचा हलका वास येणे आणि जार जादा भरल्यावर ओव्हरलोड स्विचने यंत्र बंद पडणे हे दोष नाहीत. यंत्र बंद पडल्यास प्लग काढावा, भार कमी करावा, 5 मिनिटे थांबावे आणि तळाचे लाल बटण दाबावे. बटण दाबूनही यंत्र सुरू होत नसेल, तर तक्रार नोंदवावी.

5. जळालेल्या मोटरचा निर्णय

खर्च आणि विश्वास या दोन्हींचा खरा कस येथेच लागतो, म्हणून हे कलम सविस्तर दिले आहे. कारागीर मोटर उघडून आर्मेचर आणि फील्ड कॉइल पाहील. वायंडिंग सगळीकडे सारखेच काळवंडलेले असेल, तर तो बहुधा अतिभाराचा परिणाम असतो. एकाच ठिकाणची गुंडाळी जळाली असेल किंवा कॉम्युटेटरच्या लगतच्या मोजक्याच पट्ट्या खराब झाल्या असतील, तर तो मोटरचा अंतर्गत दोष मानला जाईल. दोन्ही खुणा एकत्र दिसत असतील किंवा कारण निश्चित सांगता येत नसेल, तर निर्णय ग्राहकाच्या बाजूने होईल. शंकेचा फायदा यंत्र बनवणाऱ्याने घेऊ नये, अशी आमची ठाम भूमिका आहे.

एकट्या कारागिराला वॉरंटी नाकारता येणार नाही. उघडलेल्या मोटरची दोन छायाचित्रे, जॉब कार्डावर मराठीत लिहिलेले कारण आणि उत्पादन पर्यवेक्षकाची सही, एवढे झाल्यावरच नकार ग्राहकाला कळवला जाईल आणि छायाचित्रेही त्याच्या मोबाइलवर पाठवली जातील. अतिभाराने जळालेल्या पहिल्या मोटरसाठी, ग्राहकाची मुदत चालू असल्यास, मजुरी न घेता केवळ मोटरची किंमत आकारली जाईल. ही सवलत एका यंत्रासाठी एकदाच मिळेल.

6. सेवा कशी मिळेल

घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय आम्ही देत नाही. मिक्सर उचलून नेता येतो, आणि प्रत्येक घरभेटीचा खर्च शेवटी सर्वच ग्राहकांच्या किमतीत चढतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील ज्या दुकानातून खरेदी झाली, तेथेच यंत्र जमा करावे. वयोवृद्ध किंवा दिव्यांग ग्राहकांच्या घरून यंत्र नेण्याची व्यवस्था दुकानदार करील आणि त्याचा खर्च आम्ही देऊ. दूरध्वनीसाठी खोक्यावर आणि यंत्राच्या तळावर छापलेला ग्राहक सेवा क्रमांक सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत चालू असतो.

दुकानदाराने यंत्र घेताना अनुक्रमांक, तक्रार आणि सोबत दिलेले जार यांची नोंद करून पोच द्यावी. दुकानदाराने यंत्र 2 दिवसांत आमच्याकडे पाठवावे, आणि कारखान्यात आल्यापासून 7 दिवसांत आम्ही ते दुरुस्त करून परत पाठवू. सुटा भाग नसल्याने उशीर होणार असेल, तर 7 दिवस संपण्यापूर्वी ग्राहकाला फोन केला जाईल. जमा केल्यापासून 12 दिवसांत यंत्र परत न मिळाल्यास तात्पुरता मिक्सर विनामूल्य वापरायला दिला जाईल. यंत्र आमच्याकडे राहिलेले दिवस वॉरंटीच्या मुदतीत मिळवले जातील. दुकानदाराला प्रत्येक नोंदवलेल्या तक्रारीमागे 50 रुपये हाताळणी शुल्क आम्ही देऊ. त्याने ग्राहकाकडून वेगळे काहीही घेऊ नये.

7. मुदतीनंतरचे दर

करासह पुढील दर 31 मार्च 2027 पर्यंत कायम राहतील : कपलर 40 रुपये, कार्बन ब्रशची जोडी 60 रुपये, जारची रबरी रिंग 30 रुपये, जारचा बुश बसवणीसह 120 रुपये, आर्मेचर 650 रुपये, संपूर्ण मोटर 1,150 रुपये आणि दुरुस्तीची मजुरी 150 रुपये. अंदाजित खर्च आधी कळवून संमती घेतल्याशिवाय काम सुरू केले जाणार नाही. ग्राहकाने दुरुस्ती नाकारल्यास तपासणीचे शुल्क लागणार नाही, मात्र परतीचे भाडे त्याला द्यावे लागेल. कोणतेही मॉडेल बंद झाल्यावर त्याचे सुटे भाग किमान 5 वर्षे उपलब्ध ठेवले जातील.

पैसे घेऊन बदललेला जुना भाग ग्राहकाला परत दिला जाईल. त्याला तो नको असल्यास नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे आम्ही तो पाठवू.

8. खर्चाची तरतूद

विकलेल्या प्रत्येक यंत्राच्या कारखाना किमतीपैकी 2 टक्के रक्कम स्वतंत्र वॉरंटी खात्यात जमा केली जाईल आणि ती दुसऱ्या कामाला वापरली जाणार नाही. हे खाते कमी पडले, म्हणून मान्य झालेली तक्रार लांबवता येणार नाही. दर महिन्याला परत आलेल्या यंत्रांचे दोष भागनिहाय लिहून काढले जातील. एकाच पुरवठा-खेपेतील 3 किंवा अधिक मोटर एकाच कारणाने परत आल्यास त्या खेपेची जोडणी थांबवून पुरवठादाराला लेखी कळवले जाईल. दुरुस्तीचा खर्च खऱ्या अर्थाने येथेच कमी होतो, तक्रारी नाकारून नव्हे. विजेचा धक्का बसण्याची शक्यता असलेला दोष एका यंत्रात आढळला, तरी त्या खेपेतील सर्व ग्राहकांना कळवून यंत्रे विनामूल्य तपासली जातील.

9. जबाबदारीची मर्यादा आणि दाद

दुरुस्ती, बदली किंवा बिलाची रक्कम परत करणे यापलीकडे, यंत्र बंद असल्यामुळे बुडालेल्या ऑर्डर किंवा वाया गेलेल्या पदार्थांची भरपाई या वॉरंटीखाली मिळणार नाही. सदोष यंत्रामुळे कोणाला इजा झाली किंवा अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर ही मर्यादा लागू होणार नाही. कायद्याने ग्राहकाला दिलेला कोणताही हक्क या धोरणाने कमी होत नाही.

निर्णय मान्य नसल्यास ग्राहकाने 30 दिवसांत कारखान्याच्या मालकांकडे लेखी किंवा संदेशाने दाद मागावी; त्यावर 10 दिवसांत लेखी उत्तर दिले जाईल. मुदत उलटून गेली असली तरी योग्य कारण असल्यास अर्ज ऐकला जाईल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर किंवा आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याचा मार्ग ग्राहकाला नेहमीच मोकळा आहे, आणि त्याआधी आमच्याकडे दाद मागितलीच पाहिजे अशी कोणतीही अट नाही.

10. धोरणातील बदल

ग्राहकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक केवळ सेवेसाठी आणि सुरक्षेच्या सूचनेसाठी वापरले जातील. जाहिरातीसाठी ते वापरले जाणार नाहीत आणि कोणालाही दिले जाणार नाहीत. धोरणात पुढे बदल झाला, तर खरेदीच्या दिवशी लागू असलेल्या अटी त्या यंत्रासाठी कायम राहतील. नवीन अटी ग्राहकाच्या अधिक फायद्याच्या असतील, तर मुदत चालू असलेल्या जुन्या यंत्रांनाही त्या लागू होतील.