तारखांचा तक्ता: गट नं. २१४ चा वाटपाचा दावा (परवाच्या उलटतपासासाठी)

सर, दावा, कैफियत, दोन्हीकडची सरतपासाची शपथपत्रं आणि निशाण्या समोर ठेवून लावलंय. कागदावर तारीख आहे तिथे कागदाचीच धरली, पक्षकार नुसतं तोंडाने म्हणतोय तिथे "म्हणणं" असं लिहिलंय. आपण वादीबाईंकडून, प्र. १ आणि २ त्यांचे भाऊ, प्र. ३ खरेदीदार.

१२/०५/१९५८ – आजोबांचं खरेदीखत, ८४ आर. नि. २१. दोन्ही बाजूंना मान्य, वाद नाही.

१९७१ – आजोबा मयत. नुसतं सालच सापडतं (दावा परि. ३), दाखला कुणीच लावलेला नाही.

१९९८ – म्हणणं, कैफियत परि. ७: वडिलांनी हयातीत तोंडी वाटप केलं. महिना नाही, पंच कोण तेही नाही.

१४/०३/२००१ – वडील मयत. नि. २४, मृत्यूचा दाखला, मान्य.

दिवाळी २००१ – म्हणणं, प्र. १ चं शपथपत्र ता. ०६/०७/२०२३, परि. ५: "वडिलांनी दिवाळीत आम्हा सर्वांना बसवून वाटप केले." सर हे मी तीनदा वाचलं. वडील मार्चमध्येच गेले, मग त्या दिवाळीत बसवलं कुणी? टायपिंगची चूक म्हणतील, पण खालच्याच परिच्छेदात "वाटपानंतर दीड वर्षाने हक्कसोड" असं आहे, म्हणजे जून २००३ मधून मागे मोजून २००१ आणलंय. उलटतपासात दाखला आधी पुढे करू नका, आधी दिवाळी पक्की करून घ्या.

२४/०६/२००३ – हक्कसोडपत्र लिहून सही, नि. ३१. नोंदणी २६/०६/२००३. कैफियतीत दोन्हीला २६ च लिहिलंय, छोटी गोष्ट आहे, पण वादीबाई म्हणतात सही घरी घेतली, "वारसनोंदीचा कागद आहे" असं सांगून (दावा परि. ८), त्यामुळे २४ ला कोण कुठे होतं हे विचारायला हवं. मात्र २६ च्या नोंदणीच्या शेऱ्यावर त्यांचा अंगठा आणि फोटो आहे, तो प्रश्न आपल्यावर उलटू शकतो.

२१/०७/२००३ – फेरफार ११८७ ची नोंद धरली, १२/०८/२००३ ला मंजूर. नोटिशीवर वादीबाईंची सही नाही, "मजकूर मान्य" असा जबाब आहे त्यावर आहे. नि. ४७.

११/०२/२०१३ – इथे जरा थांबा. हीच नि. ४७ उलटी केली की मागे नकलेचा शिक्का आहे, अर्ज ता. ११/०२/२०१३, अर्जदार वादीबाईंचा मुलगा. आणि हा कागद आपणच नि. ३ च्या यादीसोबत दिलाय!

०९/०६/२०१६ – म्हणणं, दावा परि. ९: सातबारा काढला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हक्कसोडपत्र रद्द करून मागायला कळल्यापासून ३ वर्षं (मुदत कायदा, अनुच्छेद ५९). २०१६ धरलं तर दावा मुदतीत, २०१३ धरलं तर मुदत फेब्रुवारी २०१६ लाच संपली. अनुच्छेद ११० ची १२ वर्षं वाटपाला चालतील हो, पण हक्कसोड उभं राहिलं तर वाटायला उरतं काय. वादीबाईंच्या उलटतपासात हा शिक्का कुणी विचारला नाही, युक्तिवादात मात्र काढणारच. मुलाला कळलं म्हणजे आईला कळलं असं होत नाही, तेवढ्यावर टिकेल का ते तुम्ही बघा, मुलगा मला फोनवर म्हणाला की पीककर्जासाठी काढली होती, आईला दाखवलीच नाही.

२७/०८/२०१८ – दावा दाखल, नि. १. सोबत नि. ५ चा अर्ज.

०३/१०/२०१८ – प्र. १ ने २० आर प्र. ३ ला विकली, नि. ३८. दाव्याचं समन्स प्र. १ ला २१/०९ लाच मिळालंय (बेलिफाचा रिपोर्ट), म्हणजे माहीत असून विकली.

१५/१०/२०१८ – दावा प्रलंबित असल्याची आपली नोटीस नोंदवली. बारा दिवस उशिरा! महाराष्ट्रात कलम ५२ ला ही नोटीस नोंदवावी लागते, त्यामुळे नुसत्या "दावा चालू होता" वर प्र. ३ अडकणार नाही. त्याला आधीच माहीत होतं हे वेगळं दाखवावं लागेल, तो प्र. १ चा बांधाशेजारी आहे एवढंच हातात आहे.

२२/११/२०१८ – नि. ५ वर जैसे थे आदेश.

१७/०१/२०१९ – कैफियत. प्र. २ ने वेगळी दिलीच नाही, पुरशिस देऊन प्र. १ चीच स्वीकारली, त्यामुळे १९९८ की २००१ हा घोळ दोघांच्याही गळ्यात.

नि. ३८ ची सूची २ अजून आपल्याकडे नाही, नकलेचा अर्ज कालच टाकलाय, उद्या संध्याकाळपर्यंत मिळाली तर मोबदल्याची रक्कम इथेच भरतो.