प्रोबेशनचा आढावा आणि पुढचे दोन महिने

प्रिय नीलेश,

कालच्या मीटिंगमध्ये तू सगळं ऐकून घेतलंस, पण विचारलं काहीच नाहीस. म्हणून लिहून देतोय. आधी निर्णय सांगतो: नोकरी जात नाही, पण कन्फर्मेशनही आत्ता देता येत नाही. प्रोबेशन 30 नोव्हेंबरपर्यंत वाढवलं आहे, पगार तोच राहील.

गुण, प्रत्येकी 5 पैकी:

पाहुण्यांशी बोलणं-वागणं: 4
हजेरी आणि वेळ: 5
बिलिंग: 3
चेक-इन आणि सी फॉर्म: 2
हँडओव्हर: 1

एकूण 25 पैकी 15. कन्फर्मेशनला 18 लागतात आणि कशातही 3 च्या खाली चालत नाही.

डिचोलीहून म्हापशाला बस बदलून तू सकाळी सातला काउंटरवर हजर असतोस, त्याचे ते 5. त्यात कुणाची मेहेरबानी नाही.

हँडओव्हरला 1 का, ते नीट समजून घे. त्या वयस्कर जोडप्याने फोन करून फ्लाइट बदलल्याचं सांगितलं. तू ते चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलंस. लॉगबुक कोरं आणि अरायव्हल शीटवर मोपाच्या GOX ऐवजी दाबोळीचं जुनंच GOI. रात्रीच्या शिफ्टने शीट बघून गाडी दाबोळीला पाठवली, आणि ते दोघं मोपाला रात्री दीडपर्यंत बॅगांवर बसून राहिले. चिठ्ठी सकाळी कीबोर्डखाली सापडली. उत्तरेत एक विमानतळ, दक्षिणेत दुसरा. कांदोळीत बसून ही चूक निस्तरेपर्यंत पाहुण्याची रात्र जाते.

सी फॉर्मचं तसंच. परदेशी पाहुणा आल्यापासून 24 तासांत त्याच्या नोंदीचा हा फॉर्म सरकारकडे गेलाच पाहिजे, हा कायदा आहे. लॉबीत गर्दी झाली की तू ‘नंतर भरतो’ म्हणतोस आणि मग घाईत व्हिसाचा नंबर पासपोर्टच्या रकान्यात जातो. माझ्या मते तू निष्काळजी नाहीस. अडलं की विचारायला संकोचतोस, आणि अंदाजाने पुढे जातोस.

आता काय करायचं. आजपासून काउंटरवर चिठ्ठी बंद. फोन ठेवण्याआधी लॉगबुकमध्ये नोंद, पिकअप असेल तर पाहुण्याला विमानतळाचं नाव वाचून दाखवून होकार घ्यायचा, आणि ड्रायव्हरला लगेच मेसेज. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला उभ्याने सांगून निघू नकोस. लॉगबुक समोर धरून वाचा, दोघांच्या सह्या घ्या. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे तुझा प्रत्येक सी फॉर्म सबमिट करण्याआधी सीनियर तपासतील. त्यानंतर तू एकट्याने भरायचे. बिलिंगला वेगळा प्लॅन नाही, मिनीबारची नोंद चेक-आउटआधी हाउसकीपिंगकडून घेतलीस की पुरे.

दर सोमवारी दुपारी तीनला आपण अर्धा तास बसू. मधला आढावा 31 ऑक्टोबरला. तोवर हँडओव्हर 3 वर आलेला हवा. सीझन सुरू होतोय, काउंटरवर तू मला हवा आहेस. अडलं तर रात्रीही फोन कर, मी उचलेन.

पहिल्या सोमवारी येताना लॉगबुक आणि तुझे प्रश्न घेऊन ये.

फ्रंट ऑफिस मॅनेजर
30 सप्टेंबर