कर्जउभारणीस मंजुरी व अधिकारप्रदान: संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत

आंबेशेत फ्रूट प्रॉडक्ट्स प्रायव्हेट लिमिटेड
नोंदणीकृत कार्यालय: एमआयडीसी, मिरजोळे, रत्नागिरी

शुक्रवार, दि. ६ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयात झालेल्या संचालक मंडळाच्या सभेत संमत झालेला ठराव. सभेची नोटीस दि. २७ जानेवारी रोजी सर्व संचालकांना पाठवली होती. चारही संचालक हजर असल्याने गणपूर्ती होती. अध्यक्षस्थानी श्रीमती सुनंदा केशव लिमये होत्या.

विषय क्र. ४: बँक ऑफ इंडिया, रत्नागिरी शाखेकडून कर्ज घेणे

हापूसचा कॅनिंगचा माल एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि बागायतदाराला पैसे रोखीच्या वायद्याने द्यावे लागतात. रिकामे डबे तर मार्चमध्येच भरून ठेवावे लागतात. पल्पची वसुली मात्र पुढे वर्षभर चालते. ही तफावत भागवण्यासाठी आणि नवी रिटॉर्ट यंत्रणा बसवण्यासाठी मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी मांडलेला प्रस्ताव व रोकड अंदाजपत्रक मंडळाने पाहिले. चर्चेअंती पुढील ठराव सर्वानुमते संमत झाला.

"ठराव करण्यात येतो की, कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७९(३)(ड) व कंपनीच्या आर्टिकल्समधील तरतुदींनुसार, उक्त बँकेकडून पुढील मर्यादेत कर्ज घेण्यास मंडळ मंजुरी देत आहे: कॅश क्रेडिट रु. ४,००,००,००० (चार कोटी). दरवर्षी १५ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळापुरते हंगामी वाढीव कॅश क्रेडिट रु. १,५०,००,००० (दीड कोटी). आणि मुदत कर्ज रु. २,००,००,००० (दोन कोटी), परतफेड सहा महिन्यांच्या सवलतीसह जास्तीत जास्त ६० महिन्यांत.

पुढे ठराव करण्यात येतो की, जुन्या मुदत कर्जाची आजची बाकी रु. ६२ लाख धरून, कंपनीची सर्व ठिकाणची मिळून मुद्दल येणेबाकी कोणत्याही दिवशी रु. ८,२५,००,००० (सव्वाआठ कोटी) पेक्षा जास्त असणार नाही. व्याजदर द. सा. द. शे. १०.७५ च्या वर गेल्यास नवी उचल थांबवून विषय मंडळापुढे आणावा. हंगामी रक्कम केवळ आंबा, डबे व साखर खरेदीसाठी वापरावी. ती यंत्रसामग्रीकडे वळवू नये. कर्जातून कोणत्याही संचालकास, त्याच्या नातेवाइकास वा संबंधित संस्थेस उसनवार देऊ नये.

पुढे ठराव करण्यात येतो की, व्यवस्थापकीय संचालक श्री. महेश विनायक सुर्वे, संचालक श्री. दत्ताराम गोविंद शिवलकर आणि मुख्य वित्त अधिकारी श्री. निखिल रमाकांत भाटकर यांना अधिकृत अधिकारी म्हणून नेमण्यात येत आहे. मंजुरीपत्र स्वीकारणे, कर्जकरार, हायपोथिकेशन व गहाणाचे दस्त यांवर श्री. सुर्वे आणि उरलेल्या दोघांपैकी एक अशा दोन सह्या असाव्यात. एकट्या सहीचा दस्त कंपनीवर बंधनकारक राहणार नाही. मंजूर कॅश क्रेडिटमधील रोजच्या उचलीस वेगळा ठराव लागणार नाही: रु. १०,००,००० पर्यंतचे धनादेश व ऑनलाइन भरणा श्री. भाटकर एकट्याने करतील, त्यावरील व्यवहारांना श्री. सुर्वे यांची जोडसही लागेल.

पुढे ठराव करण्यात येतो की, साठा, येणी व नवी यंत्रणा बँकेस तारण द्यावी. कारखान्याचा भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने एमआयडीसीची लेखी संमती हाती आल्याखेरीज गहाणाच्या कागदावर कोणीही सही करू नये. बोजाची नोंद दस्त झाल्यापासून ३० दिवसांत कंपनी निबंधकांकडे फॉर्म सीएचजी-१ मध्ये करण्याची जबाबदारी श्री. भाटकर यांची राहील.

पुढे ठराव करण्यात येतो की, दि. १४ मार्च २०२३ चा कर्जविषयक ठराव या ठरावाने रद्द होत आहे. त्याखाली आधी झालेल्या व्यवहारांस बाधा येणार नाही. हे अधिकार दि. ३१ मार्च २०२७ पर्यंत, किंवा मंडळाने ते त्याआधी काढून घेतल्याची लेखी सूचना बँकेस पोचेपर्यंत चालू राहतील. येणेबाकीचा तक्ता श्री. भाटकर प्रत्येक सभेत ठेवतील."

सूचक: श्री. महेश विनायक सुर्वे
अनुमोदक: श्री. इम्तियाज हुसेन मुकादम

इतिवृत्तातील नोंदी

श्री. शिवलकर यांनी स्वतःच्या बागेचा आंबा कंपनीस विकत असल्याचे सभेत जाहीर केले. त्यांच्या बागेची बिले त्यांच्या सहीने चुकती होणार नाहीत, असे ठरले. श्री. सुर्वे बँकेस वैयक्तिक हमी देणार असून त्यापोटी कंपनीकडून कमिशन घेणार नाहीत.

कंपनी खासगी असून वित्तीय विवरणपत्रे व वार्षिक विवरणपत्र वेळेवर दाखल आहेत. त्यामुळे दि. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेनुसार कलम १८०(१)(क) खालील विशेष ठरावाची गरज नाही. तरीही भरणा झालेले भांडवल व मुक्त राखीव निधी मिळून रु. ३ कोटी ६० लाख आहेत आणि कर्जाची कमाल मर्यादा त्याच्या दुपटीहून जास्त जाते, म्हणून पुढील सर्वसाधारण सभेत भागधारकांना ही मर्यादा कळवावी, असे श्रीमती लिमये यांनी सुचवले. मंडळाने ते मान्य केले.

वरील उतारा इतिवृत्त पुस्तकाशी ताडून पाहिला असून तो बरोबर आहे. तिन्ही अधिकृत अधिकाऱ्यांच्या नमुना सह्या स्वतंत्र पत्रावर सोबत जोडल्या आहेत.

आंबेशेत फ्रूट प्रॉडक्ट्स प्रायव्हेट लिमिटेड करिता
सही/-
सुनंदा केशव लिमये
संचालक व सभाध्यक्ष
रत्नागिरी, दि. ९ फेब्रुवारी २०२६