विषय : सोमवार, ३ ऑगस्टचं जॉइनिंग – कागदपत्रं, लॅपटॉप आणि पहिल्या दिवसाबद्दल

नमस्कार रेणुका मॅडम,

सही केलेलं ऑफर लेटर काल संध्याकाळी पोर्टलवर टाकलं, ते मिळालं असेलच. फोनवर आपण मराठीतच बोललो, म्हणून हा मेलही मराठीतच लिहिते आहे. मुलाखतीच्या तीनही फेऱ्यांच्या वेळा तुम्ही माझ्या सोयीने लावून दिल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. घरी सगळे खूश आहेत. नागपूर न सोडता असं काम मिळेल, असं दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

जॉइनिंगला अजून अवकाश आहे, तोवर काही गोष्टी विचारून घेते. सगळ्यात आधी कागदपत्रं, कारण खरी अडचण तिथेच आहे.

माझी दहावी, बारावी आणि नागपूर विद्यापीठाची बी.ई. या सगळ्यांवर माहेरचं नाव आहे : वानखेडे स्नेहल, पुढे वडिलांचं नाव. आधार, पॅन आणि बँकेचं खातं लग्नानंतर बदलून घेतलं, त्यांवर स्नेहल अमोल ढोबळे. ऑफर लेटरही याच नावाने आहे. पीएफच्या यूएएनवर मात्र अजून जुनंच नाव आहे. आधीच्या कंपनीला दोनदा लिहिलं, पण जॉइंट डिक्लरेशन काही पुढे सरकलं नाही. महानगरपालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ई, माझ्याकडे आहे. राजपत्रात नावबदल छापून घेतलेला नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला विवाह प्रमाणपत्र पुरेल का? की प्रतिज्ञापत्रही जोडू? लागणार असेल तर याच आठवड्यात करून घेते, म्हणजे शेवटच्या दिवशी कोर्टाबाहेर धावपळ नको. आणि यूएएनचं नाव मी आत्ताच दुरुस्तीला टाकू, की तुमच्याकडे रुजू झाल्यावर पीएफचा फॉर्म ११ भरताना तुमची पेरोल टीम ते बघेल?

दुसरी अडचण रिलीव्हिंग लेटरची. माझा नोटीस पिरियड शुक्रवारी, ३१ जुलैला संपतो. सध्याच्या कंपनीत हे पत्र हिशोब पूर्ण झाल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी मिळतं. तुमच्या पोर्टलवर ते सक्तीचं दाखवतंय आणि त्याशिवाय ‘सबमिट’चं बटण दाबताच येत नाही. राजीनामा मंजूर झाल्याचा आणि शेवटच्या दिवसाची तारीख लिहिलेला एचआरचा मेल माझ्याकडे आहे. तो तात्पुरता चालेल का? चालत असेल तर त्याच रकान्यात त्याची पीडीएफ टाकते आणि पत्र हाती आलं की बदलते. हे आधी स्पष्ट झालं तर बरं होईल. तारीख पुढे ढकलावी लागू नये, एवढीच इच्छा आहे.

गुणपत्रिकांबद्दल एक छोटी गोष्ट. दहावीची गुणपत्रिका बाबांनी त्या काळी लॅमिनेट करून घेतली होती. शंकरनगरच्या झेरॉक्सवाल्याकडे काल स्कॅन केली, तर दिव्याचा पांढरा पट्टा नेमका बैठक क्रमांकावर येतो. तिरपी धरून, दिवा बंद करून, चार वेळा करून पाहिलं. शेवटी मोबाइलवर दिवसाच्या उजेडात फोटो काढला, त्यात सगळं वाचता येतं. तो चालेल का? मूळ प्रत मी पहिल्या दिवशी घेऊन येईनच. त्यावरून आठवलं : मूळ कागदपत्रं फक्त पाहून लगेच परत देतात ना? एका ठिकाणी ती आठवडाभर ठेवून घेतली होती आणि परत मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. छायाप्रतींचे किती संच आणि पासपोर्ट आकाराचे किती फोटो लागतील, तेही कळवा. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, आधी कापलेल्या टीडीएसचा तपशील आणि कॅन्सल केलेला चेक तयार ठेवला आहे.

आता लॅपटॉप. तो पहिल्याच दिवशी हातात मिळेल का? पहिल्या नोकरीत मला अकराव्या दिवशी मिळाला. तोवर शेजारच्या टेबलावर बसून पॉलिसीच्या पीडीएफ वाचत होते. टीमचं काम डोळ्यांसमोर चाललेलं असताना आपण नुसतं बसून राहणं फार अवघड जातं. म्हणूनच हे आत्ता विचारते आहे. माझं काम टेस्ट ऑटोमेशनचं, त्यामुळे ब्राउझर, डॉकर आणि आयडीई टाकण्याची परवानगी लागेल. त्याची तिकिटं मॅनेजरनी काढायची की मी, आणि जॉइनिंगच्या आधी काढता येतात का? आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल, असं तुम्ही म्हणाला होतात. ऑफिस मिहानच्या सेझमध्ये आहे, तेव्हा लॅपटॉप घरी नेण्यासाठी गेटपास लागतो का, आणि तो बनायला किती दिवस जातात?

पहिल्या दिवशी किती वाजता आणि कुणाकडे यायचं? ऑफर लेटरमध्ये फक्त पत्ता आहे. सेझच्या गेटवर माझं नाव आधी दिलेलं असेल, की ऑफर लेटर आणि आधार दाखवून पास काढावा लागेल? मी सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला बदलून खापरीपर्यंत येईन. तिथून कंपनीची बस असेल तर तिची वेळ सांगा, नाहीतर ऑटोने येते. पावसाचे दिवस आहेत आणि हातात मूळ कागदांची फाइल असेल, म्हणून अर्धा तास आधीच निघण्याचा विचार आहे.

इंडक्शन नागपुरातच प्रत्यक्ष आहे की पुण्याच्या टीमबरोबर ऑनलाइन? त्या दिवशी मॅनेजरची भेट होईल का? आणि साधारण किती वाजता सुटेन? माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. रोजची व्यवस्था सासूबाईंनी घेतली आहे, पण त्या सोमवारी त्या काटोलला असतील. उशीर होणार असेल तर मी शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवेन. ऑफिसच्या वेळेत बदल मागत नाहीये, फक्त वेळ कळली की पुरे.

डबा आणला तर बसायला जागा आहे ना? आणि आरोग्य विम्यात मुलीचं आणि सासू-सासऱ्यांचं नाव घालायची मुदत रुजू झाल्यापासून किती दिवसांची आहे, तेवढं सांगा.

एकाच मेलमध्ये बरंच विचारलं, याची कल्पना आहे. प्रतिज्ञापत्र आणि रिलीव्हिंग लेटर या दोन गोष्टींचं उत्तर शुक्रवारपर्यंत मिळालं तर फार मदत होईल. बाकीचं सवडीने कळवलंत तरी चालेल. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर दुपारी एक ते दोनमध्ये कधीही फोन करा, त्या वेळी माझी जेवणाची सुट्टी असते.

आपली,
स्नेहल ढोबळे
सुभाषनगर, नागपूर